कायदेविषयक माहिती देणारा चॅटबॉट: बहिणीच्या हक्कसोडपत्रापाशी त्याने कुठे थांबायचं?

आसावरी

आमच्या तालुक्यातल्या आम्ही काही जणी आणि दोन वकील मिळून व्हॉट्सॲपवर चालणारा मराठी चॅटबॉट तयार करतोय. विषय एकच ठेवलाय, वारसा आणि शेतजमीन. उत्तरांचा मजकूर वकिलांनी लिहिलाय. विचारणाऱ्याचा प्रश्न समजून घेऊन त्यातला योग्य भाग काढणं, तो सोप्या भाषेत मांडणं आणि पुढे कुणाकडे जायचं ते सांगणं, एवढंच बॉटचं काम. सल्ला द्यायचा नाही, हे आधीपासून ठरलेलं आहे. अडचण ही आहे की माणसं माहिती आणि सल्ला वेगवेगळा करून विचारत नाहीत.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न साधारण असा असतो (दोन-तीन जणींचे प्रश्न एकत्र करून तपशील बदललेत):

"वडील २००३ साली वारले. आई आहे, दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. साडेतीन एकर जमीन वडिलांच्या नावावर. थोरला भाऊ म्हणतो, सातबाऱ्यावर नावं लावायचीत, गुरुवारी रजिस्टर ऑफिसला येऊन सही कर. सही केली तर माझा हिस्सा जातो का? करू का सही?"

"हिस्सा जातो का" याचं सर्वसाधारण उत्तर देता येतं. हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते कुणाच्या नावे होतं, नोंदणी झाल्यावर काय होतं, हे कुणालाही सांगता येईल. "करू का" हा मात्र तिचा, तिच्या कागदांचा आणि तिच्या माहेरचा प्रश्न आहे. बॉटने तो सोडवायला जाऊ नये असं माझं मत आहे. पण "वकिलांचा सल्ला घ्या" एवढं म्हणून तिला परत पाठवणंही मला पटत नाही.

आत्ता प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ठरावीक ओळ आहे: ही केवळ माहिती आहे, कायदेशीर सल्ला नाही. चाचणीला बसलेल्या बायकांना नंतर विचारलं, तर ती ओळ एकीच्याही लक्षात नव्हती. म्हणून मर्यादा नेमक्या शब्दांत लिहावी असं मला वाटतं. कुठली गोष्ट माहीत नसल्यामुळे पुढचं सांगता येत नाही, ती कुठल्या कागदावर सापडते आणि तो कागद कुणी वाचायचा, हे तिला कळलं तर ती वकिलाकडे रिकाम्या हाताने जाणार नाही.

वरच्या प्रश्नावर बॉटने काय सांगावं, काय विचारावं आणि कुठे थांबावं? दिवाणी कामाचा किंवा महसुलाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

माणदेशी_वकील

आसावरीताई, मी तालुका न्यायालयात दिवाणी कामं करतो. तुमचंच उदाहरण घेतो, म्हणजे कुठे थांबायचं ते आपोआप दिसेल.

साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. कुटुंब हिंदू आहे, जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली आहे आणि मृत्युपत्र नाही, असं धरू. वारस पाच: आई, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सगळ्यांना सारखं, प्रत्येकी २८ गुंठे.

आता जमीन वडिलोपार्जित आहे असं धरू. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, आहे. वडील वारण्याआधी वाटप झालं अशी कल्पना केली तर वडील, आई, दोन मुलगे, दोन मुली असे सहा हिस्से पडतात. वडिलांचा सहावा हिस्सा पुन्हा पाच वारसांत वाटला जातो. बेरीज करून पाहा, परत प्रत्येकी २८ गुंठेच येतात.

धोका इथेच आहे. दोन्ही वाटांनी आकडा एकच आला की बॉट बनवणाऱ्याला वाटतं, हे उत्तर बिनधास्त द्यावं. पण एखादी गोष्ट बदलली की आकडा कोलमडतो. वडिलांचं आणि चुलत्यांचं वाटप झालेलंच नसेल, तर १४० गुंठे सगळे वडिलांचे नाहीतच. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर गणित वेगळं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटपपत्र झालं असेल किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूम असेल, तर ते वाटप २००५ च्या दुरुस्तीने मोडत नाही. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल तर हिश्श्याचं सोडा, हस्तांतराला परवानगी लागते का हा प्रश्न आधी येतो.

म्हणून माझं मत: बॉटने गुंठे सांगू नयेत. मुलीला मुलाइतकाच हक्क असतो हे तत्त्व सांगावं, आकडा कशाकशावर अवलंबून आहे ते सांगावं आणि थांबावं. एकदा "२८ गुंठे" ऐकलं की ती बाई तेवढंच लक्षात ठेवून घरी भांडते, आणि कागद निघाल्यावर तोंडघशी पडते.

हक्कसोडपत्राबद्दल मात्र बॉटने हातचं राखू नये. सहहिस्सेदार आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडतो, तो हा दस्त. स्थावर मिळकतीचा असल्यामुळे त्याची नोंदणी लागते. मोबदला घेतला नाही तरी तो पक्का होतो. नंतर मन बदललं म्हणून दुय्यम निबंधक तो रद्द करत नाही. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो आणि त्यालाही मुदत असते, साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. हे कुणाच्याही बाबतीत खरं आहे, म्हणून ही माहिती आहे. सही करण्याआधी हे तिच्या कानावर पडायलाच हवं.

दिगंबर७१

वकीलसाहेबांनी एक महत्त्वाचा मुद्दा सोडला. वडील २००३ साली वारलेत. दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात असले तरच मुलीला वडिलोपार्जित हक्क मिळतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा फुलवतीच्या खटल्यातला निकाल आहे. आमच्या घरचं वाटप त्याच आधारावर झालं. त्यामुळे या बाईंना वडिलोपार्जित जमिनीत थेट हिस्सा नाही, वडिलांच्या वाट्यातला तुकडा फक्त मिळेल. शिवाय महाराष्ट्रात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही, हेही बॉटमध्ये घाला.

माणदेशी_वकील

दिगंबरराव, तुम्ही सांगताय तो निकाल खरा आहे, आणि काही वर्षं कोर्टं त्यावर चाललीसुद्धा. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्माने आहे, म्हणून २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. १९९४ ची अट आपल्या राज्याच्या दुरुस्तीत होती, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती नाही.

या फरकाने काय होतं ते आकड्यात पाहा. तुमच्या पद्धतीने वडील, आई आणि दोन मुलगे असे चारच हिस्से पडतात. वडिलांचे ३५ गुंठे पाच जणांत वाटले की मुलीला ७ गुंठे. मिळकत अजून एकत्र असेल तर आजच्या कायद्याने २८. इंटरनेटवर जुने लेख भरपूर आहेत आणि त्यांत तुमचंच म्हणणं ठामपणे लिहिलेलं सापडतं. बॉटला असा लेख मिळाला तर तो सात गुंठ्यांचं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देईल. तुमच्या घरचं वाटप कधी आणि कसं झालं ते मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर इथे बोलत नाही.

दिगंबर७१

२०२० चा निकाल मला माहीत नव्हता, वाचतो. पण मग मिटलेली वाटपं पुन्हा उकरायची का, हा प्रश्न राहतोच.

चावडी_जुनी

मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नात भावाचं एक वाक्य आहे, "सातबाऱ्यावर नावं लावायचीत म्हणून सही कर." बॉटने सगळ्यांत आधी ते वाक्य पकडावं.

वारस नोंदीला बहिणीचं हक्कसोडपत्र लागतच नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. नोंद सगळ्या वारसांची होते, आईची आणि बहिणींचीसुद्धा. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. रजिस्टर ऑफिसचा यात संबंध नाही. तिथे बोलावलंय याचा अर्थ काहीतरी दस्त होणार आहे: हक्कसोड, बक्षीसपत्र, वाटपपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र. नोकरीत असं कितीदा पाहिलंय की बहिणीला सांगतात "वारस लावायचेत" आणि सही होते हक्कसोडीवर.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव दिसत नाही म्हणून हक्क गेला असं नाही. जुन्या नोंदींत थोरल्या भावाचं नाव "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागायचं आणि बाकीच्यांची नावं मागे राहायची. कित्येक गावांत बहिणींची नावं "इतर हक्क" या रकान्यात टाकलेली सापडतील. फेरफार हा महसुली नोंदीसाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा.

बॉटने तिला सांगावं की वडिलांच्या नावावर जमीन कशी आली तो फेरफार काढ. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले असतात, त्यांतला जुन्यातला जुना धरून मागे जायचं. खरेदीने आली, वारसाने आली की कुळकायद्याने, ते तिथे लिहिलेलं असतं. वकिलाकडे जाताना हे हातात असलं तर तुमचं पाऊण काम झालं.

आसावरी

भाऊसाहेब, हे फार मोलाचं आहे. आमच्या मजकुरात "वारस नोंद" आणि "हक्कसोड" ही दोन वेगळी पानं आहेत, त्यामुळे "नाव लावायचंय" म्हटलं की बॉट वारस नोंदीच्या पानावर जातो आणि रजिस्टर ऑफिसचा उल्लेख वाऱ्यावर सोडतो. हे दोन शब्द एकाच प्रश्नात आले, तर कुठला दस्त आहे हे विचारणारं पान आधी उघडेल असं करते.

बाळासाहेब_इंदापूर

नमस्कार. आमचं प्रकरण असं की चुलत्यांनी २०२१ साली फेरफार करून जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर लावली. आम्हाला नोटीस आली नाही. माझ्या वडिलांचं नाव गेलं. बॉटचा नंबर द्या, त्यात टाकून बघतो. नाहीतर इथेच कुणीतरी सांगा, जमीन परत मिळेल का?

चावडी_जुनी

बाळासाहेब, हा धागा बॉट कसा असावा यावर आहे, पण तुमच्या कामाचं थोडं सांगतो. त्या फेरफाराची आणि नमुना ९ च्या नोटिशीच्या स्थळप्रतीची नक्कल मागा. नोटीस कुणी घेतली, सही कुणाची, ते त्यात दिसेल. प्रमाणित नोंदीवर अपील प्रांताकडे असतं आणि मुदत साठ दिवसांची असते. ती उलटून गेली आहे, तेव्हा उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल आणि उशिराचं खरं कारण द्यावं लागेल. नक्कल मिळाल्याबरोबर वकिलाकडे जा, आणखी दिवस काढू नका.

बाळासाहेब_इंदापूर

नक्कल काढली आहे. नोटिशीवर वडिलांच्या नावाने अंगठा आहे. वडील तर २०१८ ला वारलेत.

माणदेशी_वकील

बाळासाहेब, हा तपशील आता उघड्या धाग्यावर पुढे लिहू नका. तो कागद आणि मृत्यूचा दाखला घेऊन याच आठवड्यात दिवाणी आणि महसुली दोन्ही कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. आणि आसावरीताई, पाहा: पहिल्या प्रश्नाला मुदत आणि कार्यालय सांगणं ही माहिती होती, भाऊसाहेबांनी ती नेमकी दिली. अंगठ्याची गोष्ट आल्यावर प्रकरण फौजदारीकडेही वळू शकतं आणि कुठलं पाऊल आधी टाकायचं याने निकाल बदलतो. बॉटने थांबायची जागा ती. खोटी सही, अंगठा, कोर्टाचं समन्स, नोटिशीची तारीख, मारहाण, यांतलं काही आलं की समजावणं बंद करून थेट माणसाकडे पाठवायचं.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. वरची सगळी चर्चा वाचली आणि एक काळजी वाटली. आमच्याकडेही प्रश्न मराठीतच विचारतील, पण कायदा तुमचा नाही. गोव्यात हिंदूंनासुद्धा हिंदू उत्तराधिकार कायदा सहसा लागत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि वारशासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता वेगळा करार नसेल तर सामाईक असते, अर्धी अर्धी. मुलगा-मुलगी हा फरक आधीपासून नाही, आणि मुलं असताना मृत्युपत्राने जास्तीत जास्त अर्धीच मालमत्ता दुसरीकडे देता येते. बहिणीने हिस्सा सोडायचा म्हटलं तर तिच्या नवऱ्याच्या संमतीचा प्रश्न येतो. वाटप इन्व्हेंटरी नावाच्या न्यायालयीन कामात होतं. सातबारा नाही, आमच्याकडे एक-चौदा.

माझ्या मावशीने तुमच्या बॉटला हाच प्रश्न विचारला तर तिला सातारचं उत्तर मिळेल, आणि ते अस्खलित मराठीत असल्यामुळे तिला शंकासुद्धा येणार नाही.

आसावरी

मान्य. पहिला प्रश्न "जमीन कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात" हाच ठेवते. दुसरा, मयताला कुठला वारसा कायदा लागू होता. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी आमच्याकडे तपासलेला मजकूर अजून नाही. तो येईपर्यंत बॉटने तसं स्पष्ट सांगून विधी सेवा समितीचा पत्ता द्यावा, हिंदू कायद्याचं उत्तर थोडं बदलून देऊ नये.

प्रसन्न_को

मी अशा प्रणालींची चाचणी करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाने २०२३ साली छोट्या व्यावसायिकांसाठी असा बॉट आणला. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी तपासला तेव्हा तो घरमालकांना भाड्यासाठी सरकारी मदत घेणारे भाडेकरू नाकारता येतात असं सांगत होता, आणि मालकाने नोकरांच्या टिपमधला वाटा घेतला तरी चालतं असंही. दोन्ही तिथल्या कायद्याविरुद्ध. उत्तर चुकीचं असू शकतं ही सूचना पानावर होतीच. म्हणजे सूचना लिहिल्याने बॉट सुरक्षित होत नाही, आसावरीताईंचा अंदाज बरोबर आहे.

चाचणीसाठी प्रश्नांच्या जोड्या करा. वरचाच प्रश्न घ्या आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. सातारऐवजी फोंडा. वारसाऐवजी मृत्युपत्र. "वाटप झालेलं नाही" ऐवजी "१९९८ ला नोंदणीकृत वाटप झालं". उत्तर बदलायला हवं होतं आणि तसंच राहिलं, तर बॉट प्रश्न वाचत नाहीये, नुसता विषय ओळखतोय. उलटीही जोडी करा: भाऊ थोरला की धाकटा, बहीण सातारला की मुंबईला. इथे उत्तर बदललं तर तेही वाईट.

आणखी एक प्रकार न चुकता तपासा. प्रश्न असा लिहा: "लग्नात खर्च केला म्हणून मुलीचा हक्क संपतो, बरोबर ना?" बॉटच्या मागे असणाऱ्या भाषा-प्रारूपांना समोरच्याच्या सुराला सूर मिळवायची सवय असते. तीच गोष्ट "लग्नात खर्च केला तर हक्क संपतो का?" अशी विचारली की उत्तर नीट येतं, "बरोबर ना" म्हटलं की डळमळतं. आणि माहेरी असले प्रश्न "बरोबर ना" असेच विचारले जातात.

शेवटचं म्हणजे तारीख. प्रत्येक पानावर मजकूर कुठल्या वकिलाने कधी तपासला ते दिसू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेचे कितीतरी ठरावीक मुद्रांक पाचशे रुपयांवर गेले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बॉट "शंभरचा स्टँप" किंवा "४२० कलम" म्हणाला की समजावं, तो जुन्या साठ्यातून बोलतोय. खटल्यांची नावं तर त्याला स्वतः रचूच देऊ नका. वकिलांनी लिहिलेल्या पानावर नाव असेल तरच दाखवायचं.

विद्याताई

मी गावोगाव बायकांच्या बैठका घेते. तुम्ही सगळे कागदांबद्दल बोलताय, मी फोनबद्दल बोलते. तिचा फोन तिचा एकटीचा नसतो. त्यावर नवरा व्हिडिओ बघतो, भाचा खेळतो, आणि माहेरी गेली की तो भावाच्या हातातही असतो. बॉटने नाव, गट नंबर, गाव विचारू नये. जिल्हा पुरे. आणि पहिल्याच उत्तरात सांगावं की वकिलाशी केलेलं बोलणं कायद्याने गोपनीय असतं, इथलं तसं नाही, आणि बोलणं कसं पुसायचं ते हे.

दुसरं, वकील म्हणजे कोण? तिच्या मते वकील म्हणजे भावाने आणलेला माणूस, ज्याने दस्त लिहिलाय. "वकिलाला विचारा" म्हटलं की ती त्यालाच विचारते. तो म्हणतो, काही होत नाही ताई, करा सही. म्हणून बॉटने स्वच्छ सांगावं की दस्त करणाऱ्या पक्षाचा वकील तुझा वकील नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारात असते. बाईला तिथला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. हे तर कितीतरी शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं.

आणि तिसरं, माझा आग्रह आहे. गुरुवारी सही आहे आणि आज मंगळवार आहे, तर बॉटने "सही करू नका" असं सांगितलं पाहिजे. तत्त्वं नंतर.

माणदेशी_वकील

विद्याताई, पहिले दोन्ही मुद्दे मनापासून मान्य. विधी सेवा समितीकडे पाठवण्याचं आणखी एक कारण आहे: बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, गिऱ्हाईक मिळवता येत नाही. बॉट ठरावीक वकिलांची नावं सुचवू लागला की तो त्या वाटेला लागतो.

तिसऱ्यावर मात्र मी वेगळा आहे. "सही करू नका" हा सल्ला आहे. समजा, त्या बहिणीने आधीच पैसे घेतलेत आणि हक्कसोड हा ठरलेल्या समझोत्याचा भाग आहे. किंवा तिला खरोखरच भावाला जमीन द्यायची आहे, तो आईला सांभाळतो म्हणून. अशा बहिणी मी पाहिल्या आहेत, त्यांचा निर्णय समजून-उमजून घेतलेला होता. बॉटने अडवलं, घरात फाटलं, तर जबाबदार कोण? त्याने एवढंच सांगावं: सही करण्याआधी दस्त पूर्ण वाचून घेण्याचा, त्याची प्रत मागण्याचा आणि आपल्या वकिलाला दाखवेपर्यंत वेळ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुय्यम निबंधकासमोर दस्त मान्य आहे का असं विचारतात, तिथे "मला वाचून दाखवा" म्हणता येतं.

विद्याताई

वकीलसाहेब, तुमचं वाक्य कायद्याला धरून आहे, पण माझ्या बायका ते वाक्य वाचून गुरुवारी जातील आणि सही करतील. "हक्क आहे" म्हणजे काय करायचं, हे तिला कळत नाही. तिला भावाला तोंडावर काय सांगायचं ते हवंय. "कागद घरी दे, जावई वाचतील, मग पुढच्या आठवड्यात येते," असं एक वाक्य दिलंत तर ती म्हणू शकेल. यात मी तिला नाही म्हणायला लावत नाही, थांबायला लावतेय.

माणदेशी_वकील

थांबण्याचं वाक्य देणं मला चालेल. त्याने कुणाचा हक्क बुडत नाही, दस्त आठ दिवसांनीही होतो. मात्र जिथे मुदत चालू आहे तिथे हेच वाक्य घातक ठरेल. बाळासाहेबांसारख्याला "आठवडाभर थांबा" म्हटलं तर अपिलाचा उशीर वाढतो. म्हणून ते फक्त सहीच्या पानावर ठेवा.

चावडी_जुनी

पुढच्या आठवड्यात येते म्हणाली आणि मधल्या काळात भावाने वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यात बहिणींची नावंच लिहिली नाहीत, असंही होतं. तेव्हा बॉटने हेही सांगावं की आपल्या गावाचे चालू फेरफार "आपली चावडी" वर घरबसल्या दिसतात. पंधरा दिवसांत लेखी हरकत दिली की नोंद वादग्रस्त म्हणून धरली जाते, परस्पर प्रमाणित होत नाही. हरकतीची पोच घ्यायची.

दिगंबर७१

विनीता शर्माचा निकाल काल रात्री वाचला. वकीलसाहेब म्हणतात ते बरोबर आहे. पण बॉटने भावांनाही उत्तर द्यायचंय ना? भावाने विचारलं, "बहिणींच्या सह्या कशा घ्यायच्या", तर काय सांगणार? तोही वापरणाराच आहे.

आसावरी

दिगंबरराव, चांगलं विचारलंत. माझ्या मते भावाला आणि बहिणीला कायद्याची माहिती शब्दशः तीच मिळाली पाहिजे. हक्कसोड म्हणजे काय, सही स्वेच्छेने हवी, फसवून घेतलेला दस्त कोर्टात रद्द होऊ शकतो, वारस नोंदीला तो लागत नाही. त्यालाही त्याच्या वकिलाकडेच पाठवायचं. सह्या मिळवण्याच्या युक्त्या कुणालाच सांगायच्या नाहीत.

आतापर्यंतच्या चर्चेवरून सहीचं पान असं लिहितेय. आधी राज्य आणि लागू वारसा कायदा. मग हा दस्त नोंदवला की काय होतं, तीन-चार वाक्यांत, आणि वारस नोंदीला तो लागत नाही हे ठळक. मग न सांगता येणाऱ्या गोष्टी: हिस्सा किती, जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, आधी वाटप झालंय का, आणि त्यांतली प्रत्येक कुठल्या कागदावर मिळेल. त्यानंतर विद्याताईंचं वाक्य. शेवटी विधी सेवा समिती, १५१००, आणि सोबत न्यायचे कागद: सातबारा, जुने फेरफार, मृत्यूचा दाखला, दस्ताचा मसुदा मिळाला तर तोही. गुंठे कुठेही नाहीत.

एका गोष्टीवर आमच्या दोन वकिलांतही एकमत नाही. बाईने लिहिलं की "मला सही करायची नाही पण मारतील", तर तिथे महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ द्यायचा हे नक्की. पण त्यानंतर बॉटने जमिनीबद्दल बोलणं सुरू ठेवावं की पूर्ण थांबवावं? एक वकील म्हणतात थांबवा, जमिनीची चर्चा तिच्या फोनवर राहणंच धोक्याचं. दुसरे म्हणतात, धाकाने घेतलेली सही रद्द होऊ शकते हे त्याच वेळी तिला कळायला हवं. विद्याताई, तुमच्या बैठकांतल्या बायकांना विचारून कळवाल का?

विद्याताई

शनिवारी दोन गावांत बैठक आहे. विचारते. वाक्य कागदावर छापून द्या, बॉट नको, त्या वाचून आपसांत बोलतील तेव्हाच खरं काय ते कळेल.

फोंडेकर

गोव्याचं पान लिहायचं झालं तर इथल्या एका वकीलबाईंशी बोललोय, त्या मजकूर तपासायला तयार आहेत. फक्त एक-चौदाचा उतारा आणि लग्नाची नोंद हे दोन कागद यादीत आधीपासून घाला. लग्न कुठे आणि कुठल्या पद्धतीने नोंदलंय यावर इथलं अर्धं उत्तर ठरतं.